क्लॅप देण्याआधीचं पत्र

मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या सिनेमाची तयारी सुरू झाली, की 'एडी हवेत' असा निरोप व्हॉट्सॲपच्या गटांमधून फिरू लागतो. एडी म्हणजे असिस्टंट डायरेक्टर, सहायक दिग्दर्शक. निरोपात शूटिंगच्या तारखा असतात, गाव असतं, कधी एखादी अट असते आणि खाली ईमेलचा पत्ता असतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या पत्त्यावर पत्रांचा ढीग पडतो. त्यातली बरीचशी एकाच साच्यातून निघालेली असतात. लहानपणापासून सिनेमाचं वेड आहे, अमुक दिग्दर्शक माझं दैवत आहेत, शिकायची प्रचंड इच्छा आहे, सोबत माझ्या शॉर्ट फिल्मची लिंक जोडली आहे, पाहून कळवावे.

पाहून कळवलं जात नाही. फिल्म वाईट असते म्हणून नव्हे. पुष्कळदा ती कुणी उघडलेलीच नसते. उघडली तरी पाहणाऱ्याला जे हवं असतं ते तिच्यात कुठं आहे, हे पत्रानं सांगितलेलं नसतं.

आधी हे पत्र वाचतं कोण, ते पाहायला हवं. बहुतेक वेळा दिग्दर्शक वाचत नाही. वाचतो तो फर्स्ट एडी, म्हणजे सहायकांच्या टीमचा म्होरक्या. त्या दिवसांत त्याच्यापुढं पटकथा उघडी असते आणि तो तिचं ब्रेकडाउन करत असतो. कुठल्या सीनला कोण नट लागतात, कुठले कपडे, कुठल्या वस्तू, किती गर्दी, दिवस आहे की रात्र. पटकथेचं प्रत्येक पान आठ भागांत मोजून कुठला सीन किती वेळ खाईल याचा तो अंदाज बांधतो, मग नटांच्या तारखा आणि लोकेशनच्या तारखा यांची मोट बांधत वेळापत्रक लावतो. ते लावून होईतो एखादा नट तारीख बदलतो आणि सगळं पुन्हा मांडावं लागतं. या धबडग्यात, रेकीला जाताना गाडीत, फोनच्या स्क्रीनवर तो नव्या मुलामुलींची पत्रं चाळतो. त्याला पुढचा मोठा दिग्दर्शक शोधायचा नसतो. पहाटे पाचला सांगितलेल्या जागी उभा असेल आणि सांगितलेलं काम विसरणार नाही, असा माणूस त्याला हवा असतो.

आणि इथंच पत्र पाठवणाऱ्याची गफलत होते. शॉर्ट फिल्म ही दिग्दर्शकाची ओळख असते. एडीचं काम मात्र दिग्दर्शनाच्या नावाखाली येत असलं, तरी त्यातला फार मोठा भाग नियोजनाचा, नोंदींचा आणि माणसं हलवण्याचा असतो. आपल्याकडच्या सेटवर टीमची वाटणी साधारण ठरलेली असते. फर्स्ट एडी वेळापत्रक आणि फ्लोअर सांभाळतो, म्हणजे आत्ता कुठला शॉट चालला आहे आणि पुढचा कुठला, हे त्याच्या तोंडून सगळ्या युनिटला कळतं. सेकंड एडी दुसऱ्या दिवसाची कॉल शीट काढतो, कुठला नट किती वाजता मेकअपला बसणार ते पाहतो. कुणाकडं कपडे, कुणाकडं आर्ट आणि प्रॉपर्टी, कुणाकडं कंटिन्युइटी. गर्दीच्या सीनमध्ये मागून माणसं जायला-यायला लावणं, ज्याला सेटवर 'पासिंग देणं' म्हणतात, तेही एडीच करतात. सगळ्यात नवा जो असतो, त्याच्या हाती क्लॅप येतो.

हे काम किती दांडगं असू शकतं, त्याचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं लिहून ठेवलेलं उदाहरण 'लगान'चं आहे. आशुतोष गोवारीकर यांचा हा सिनेमा २००१ साली आला. कच्छमध्ये, भुजजवळ, एकाच सलग शेड्यूलमध्ये तो चित्रित झाला आणि संवाद नंतर डब न करता जागेवरच ध्वनिमुद्रित केले गेले. अपूर्व लाखिया फर्स्ट एडी होते. रीमा कागती आणि किरण राव सहायकांच्या टीममध्ये होत्या. सत्यजित भटकळ यांनी या शूटिंगवर पुस्तक लिहिलं आणि 'चले चलो' हा माहितीपटही केला. ज्याला एडी व्हायचं आहे त्यानं ही दोन्ही पाहावीत, कारण क्रिकेटच्या सामन्याला जमवलेले हजारो गावकरी, त्यांना आणणं, बसवणं, जेवू घालणं, शॉट चालू असताना गप्प ठेवणं, हे सगळं तिथं दिसतं. पडद्यावर तो नुसता प्रेक्षकांचा जल्लोष आहे.

आता दुसरी बाजू. शॉर्ट फिल्मच्या जोरावर दारं उघडलेली मराठी माणसं आपल्या डोळ्यांपुढं आहेत. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'ला २०१० सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकीय पदार्पणाचा सन्मान मिळाला आणि पुढं 'फँड्री' आला. उमेश कुलकर्णी यांची 'गिरणी' पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली. नंतर २००८ मध्ये 'वळू'. ही उदाहरणं समोर असली की वाटतं, आपली फिल्म बोलेल, आपण कशाला बोलायचं? पण त्या फिल्मा निर्मात्यांना आणि प्रेक्षकांना 'हा दिग्दर्शक आहे' एवढं सांगत होत्या. एडीच्या अर्जात तेच वाक्य उलटंही ऐकू येऊ शकतं. तीन फिल्मा दिग्दर्शित केलेला मुलगा क्लॅप द्यायला तयार होईल का? झाला तरी मॉनिटरमागं उभा राहून दिग्दर्शकाला शॉट सुचवत बसेल का? फर्स्ट एडीच्या मनात ही शंका येतेच, आणि ती खोटीही नसते. असे महाभाग प्रत्येक युनिटनं पाहिलेले असतात.

म्हणून पत्राचं काम एकच उरतं. फिल्म पाहून कळत नाही ते सांगायचं, आणि त्या माहितीनिशी फिल्मचा नेमका तुकडा पाहायला लावायचा.

समजा, सांगलीची एक मुलगी आहे. कॉलेज झालेलं, आता पुण्यात राहते. तिनं चौदा मिनिटांची एक फिल्म केली आहे. तिला आपण 'पंच्याहत्तरी' म्हणू. एसटीत पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना तिकीट लागत नाही. फिल्ममधली आजी तासगावहून सांगलीला निघाली आहे आणि स्वतःच्या हिशेबानं ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. आधार कार्डावर मात्र १ जानेवारीचा जन्म आणि वय त्र्याहत्तर. कंडक्टरही वाईट माणूस नाही, पण त्याला कागद दिसतो. सगळी फिल्म धावत्या बसमध्ये.

तिनं पहिल्यांदा लिहिलेलं पत्र असं होतं, असं धरू: 'मी एक दिग्दर्शक असून माझी "पंच्याहत्तरी" ही फिल्म वार्धक्य आणि व्यवस्था यांच्यातल्या संघर्षाचं रूपक आहे. तिला महोत्सवांत चांगला प्रतिसाद मिळाला. आपल्यासारख्या दिग्गजांसोबत काम करून शिकण्याची संधी मिळावी.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं एवढंच, की मुलीला रूपक हा शब्द येतो.

पत्रात न आलेली गोष्ट फार वेगळी आहे. धावत्या बसमध्ये शूट करायचं म्हणजे ऊन सांभाळायचं. आजी डावीकडच्या खिडकीशी बसली आहे आणि कथेप्रमाणं सगळा प्रवास सकाळचा आहे. तासगाव ते सांगली रस्ता साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडं येतो. सकाळी सांगलीकडं येताना पूर्व डाव्या हाताला, म्हणजे ऊन आजीच्या खिडकीतून आत येतं. बस वळवून परत तासगावकडं निघालात, की तेच ऊन समोरच्या बाजूनं येतं आणि आजीच्या चेहऱ्याची उजळ बाजू बदलते. दोन शॉट शेजारी लावले तर एकाच वाक्याच्या मध्ये सूर्य उडी मारून बसच्या पलीकडं गेल्यासारखा दिसतो.

मग या मुलीनं काय केलं? खिडकी दिसते असे सगळे शॉट तिनं सकाळी सांगलीकडं येतानाच घेतले. परतीच्या फेरीत फक्त हात, तिकिटाचं यंत्र, पिशवीतून आधार कार्ड शोधणारी बोटं, बसच्या मधल्या वाटेतली पावलं असे खिडकी न दिसणारे शॉट. दुपारी ऊन डोक्यावर असताना बस झाडाखाली उभी करून जेवण. दुपारनंतर ऊन पश्चिमेला गेलं, की उलटी दिशा धरायची: आता तासगावकडं जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणजे उरलेले खिडकीचे शॉट त्या फेरीला. तासगावची पाटी किंवा ओळखीचं मंदिर खिडकीबाहेर आलं, की कॅमेरा बंद. फिल्म पाहणाऱ्याला बस सरळ सांगलीला चालली आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात ती दोन दिवस त्याच रस्त्यावर येरझाऱ्या घालत होती.

दुसरी गोष्ट प्रवाशांची. बावीस जण, सगळे ओळखीपाळखीचे, कुणीही पैसे घेतलेले नाहीत. फुकट आलेली माणसं दुसऱ्या दिवशी येतीलच याची खात्री नसते. तिनं बसच्या आसनांचा नकाशा काढला, कोण कुठं बसलं ते त्यावर लिहिलं, प्रत्येकाचा कपड्यांसकट फोटो काढून ठेवला आणि पूर्ण बस दिसते असे रुंद शॉट पहिल्या दिवशीच उरकून टाकले. दुसऱ्या दिवशी दोघं आले नाहीत. नकाशात पाहिलं तर ते मागच्या आसनावरचे, जे फक्त रुंद शॉटमध्ये दिसत होते. काम अडलं नाही.

हे सगळं म्हणजे एडीचं काम आहे. तिनं ते केलं आहे, पण 'मी दिग्दर्शक' म्हणताना ते तिला सांगण्याजोगं वाटलंच नाही. नवख्यांच्या पत्रांत हे नेहमीचं आहे. ज्या कामाचा त्यांना शीण आला ते ते गाळतात आणि ज्याचा अभिमान वाटतो ते लिहितात. फर्स्ट एडीला त्या शिणातलंच काही हवं असतं.

तेच पत्र पुन्हा लिहिलं, तर काहीसं असं होईल:

'विषय: थर्ड एडी किंवा क्लॅप, १० जूनपासून उपलब्ध, पुणे

नमस्कार सर,

तुमच्या सिनेमासाठी एडी हवेत असं कळलं. क्लॅप, कंटिन्युइटी किंवा गर्दीचं काम यासाठी मी अर्ज करते आहे. १० जून ते ऑगस्टअखेर मी पूर्ण मोकळी आहे. पुण्यात राहते, बाहेरगावच्या आणि रात्रीच्या शूटला अडचण नाही. मराठी आणि हिंदी नीट बोलते, कॉल शीट इंग्रजीत करते.

गेल्या वर्षी एका वीस मिनिटांच्या मराठी फिल्मवर मी फर्स्ट एडी होते. चार दिवस, तीन लोकेशन. ब्रेकडाउन, वेळापत्रक आणि रोजची कॉल शीट माझ्याकडं होती. एका दिवसाची कॉल शीट सोबत जोडली आहे, फोन नंबर काढून.

"पंच्याहत्तरी" ही चौदा मिनिटांची फिल्म मी दिग्दर्शित केली. युनिट नऊ जणांचं असल्यामुळं वेळापत्रक आणि कंटिन्युइटीही मीच पाहिली. धावत्या एसटीत, बावीस प्रवाशांसह, दोन दिवसांत ४६ शॉट झाले. वेळ कमी असेल तर ४:१० ते ६:३० एवढंच पाहावं. त्यातले शॉट दोन दिवसांचे आणि बसच्या दोन्ही दिशांच्या फेऱ्यांमधले आहेत. ऊन आणि मागचे प्रवासी जुळवण्याचं काम तिथं दिसेल.

लिंक खाली आहे, पासवर्ड लागत नाही. फोनवर कधीही बोलू शकते.'

खाली लिंक, नाव, फोन नंबर. संपलं. यात दैवत कुणी नाही, स्वप्न नाही, आणि फिल्मचा अर्थही सांगितलेला नाही.

विषयाची ओळ आधी पाहा. फर्स्ट एडीच्या फोनवर पत्र उघडण्याआधी तेवढीच दिसते, आणि त्याचे पहिले तीन प्रश्न तिथंच सुटतात: कुठल्या कामासाठी, कधीपासून, कुठून. तारखा जुळत नसतील तर पुढचं वाचण्यात दोघांचाही फायदा नाही. मग कामाचं नाव. 'कुठलंही काम चालेल' असं लिहिलं, की नम्रता दिसते असं मुलांना वाटतं. वाचणाऱ्याला मात्र आता याला कुठं बसवायचं याचा विचार स्वतः करावा लागतो. आणि दुसऱ्याच्या फिल्मवरचं काम तिनं स्वतःच्या फिल्मच्या आधी लिहिलं आहे, हे मुद्दाम. दुसऱ्याच्या फिल्मवर चार दिवस राबलेली व्यक्ती 'होय सर' म्हणून पळू शकते, हे त्यातून कळतं. स्वतःची फिल्म कितीही चांगली असली तरी ते सांगत नाही.

कॉल शीट जोडण्याची कल्पनाही चांगली आहे. कॉल शीट म्हणजे दुसऱ्या दिवसाचा आदेश: कोण किती वाजता कुठं पोचणार, कुठले सीन, कुठल्या क्रमानं, सूर्योदय-सूर्यास्त, जवळचं हॉस्पिटल, कुणाला काय आणायचं. जाणकार माणूस ती अर्ध्या मिनिटात वाचतो आणि करणाऱ्याची पातळी ओळखतो. मेकअपला दीड तास लागणाऱ्या नटाला आणि नुसतं तोंड पुसून उभं राहणाऱ्याला एकच वेळ दिली असेल, तर मुलगी अजून नवीन आहे. नटांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते तसेच ठेवून ती पाठवली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. असं कागद वाटणारं माणूस सेटवर ठेवायला कुणी धजणार नाही.

फिल्ममधली नेमकी वेळ देणं हे या पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य. चौदा मिनिटं पाहायला कुणाकडं नसतात. सव्वादोन मिनिटं असतात. आणि काय पाहायचं ते आधी सांगितलं, की पाहणारा वेगळ्या नजरेनं पाहतो. तो आता आजीच्या अभिनयाकडं न बघता तिच्या गालावरच्या उन्हाकडं आणि तिच्यामागच्या लाल स्वेटरवाल्या प्रवाशाकडं बघेल. ते जुळलेलं दिसलं, की त्याला हवा तो पुरावा मिळाला. अर्थात हे दुधारी आहे. जुळलेलं नसेल, तर आपणच बोट ठेवून दाखवलेली चूक असते. तेव्हा पत्र धाडण्याआधी तो तुकडा आवाज बंद करून, एकेक शॉट थांबवून पाहावा. आवाज असला की मन गोष्टीत शिरतं आणि हातातली पिशवी डावीकडून उजवीकडं गेलेली लक्षात येत नाही.

आता लिंक. इथं बिचाऱ्या फिल्मचा घात होतो तो अगदी क्षुल्लक कारणानं. गूगल ड्राइव्हवर फाइल टाकली, की ती आपोआप Restricted असते. दुसऱ्यानं उघडली की त्याला परवानगी मागणारं पान दिसतं. परवानगी मागून, उत्तराची वाट पाहून, परत येऊन फिल्म पाहणारा फर्स्ट एडी अजून जन्माला यायचा आहे. तिथं Anyone with the link असं बदलावं लागतं. यूट्यूबवर Private आणि Unlisted यांत हाच घोळ होतो. Private ठेवलेली फिल्म ज्यांना नेमून परवानगी दिली त्यांनाच दिसते. Unlisted ही शोधून सापडत नाही, पण लिंक असेल तो कुणीही पाहू शकतो. अर्जासाठी Unlisted बरी. फिल्म महोत्सवांना पाठवायची असेल तरी हाच मार्ग शहाणपणाचा, कारण ऑनलाइन सर्वांना खुली झालेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत. आणखी एक अडचण यूट्यूबची: एकदा चढवलेली फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. नवी आवृत्ती चढवली की नवी लिंक, आणि जुनी पत्रं जुन्याच, कच्च्या फिल्मकडं बोट दाखवत राहतात. विमिओवर पासवर्ड लावला असेल तर तो पत्रात लिंकच्या शेजारीच हवा, मागच्या मेलमध्ये नव्हे.

यावर उपाय सोपा आहे आणि तो क्वचितच केला जातो. पत्र स्वतःलाच पाठवायचं, मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, जिथं आपलं खातं उघडलेलं नाही, तिथून लिंक दाबून पाहायची. आपल्या फोनवर आपली फिल्म नेहमीच उघडते.

फिल्ममध्ये एखादं जुनं लोकप्रिय गाणं परवानगीशिवाय घातलं असेल तर तेही आड येतं. यूट्यूब ते ओळखतो आणि हक्क ज्यांचे आहेत त्यांच्या मर्जीनुसार फिल्म अडवूही शकतो. शिवाय निर्मिती संस्थेत बसलेल्या माणसाला त्यातून दुसराच अर्थ लागतो: हक्क, परवानग्या यांची या मुलीला फिकीर दिसत नाही. उलट 'पंच्याहत्तरी'सारख्या फिल्मसाठी एसटी महामंडळाची परवानगी घेतली होती आणि बस प्रासंगिक करारावर घेतली होती, हे एका ओळीत लिहिलं तर ते पुरस्कारापेक्षा जास्त कामाचं. ज्यानं आगाराच्या कार्यालयात अर्ज घेऊन खेटे घातले, त्याला कागदपत्रांचा कंटाळा नाही, एवढं त्यातून दिसतं.

किती फिल्मा पाठवायच्या? एक. फार तर दोन, दुसरी वेगळ्या कारणासाठी. पोर्टफोलिओ या भारदस्त नावाखाली कॉलेजातल्या सात फिल्मा एका पानावर रचून ठेवायचा मोह सुटत नाही. पण पाहणारा त्यातली कुठली उघडेल हे आपल्या हातात राहत नाही, आणि तो नेमकी तीच उघडतो जिच्यात सुरुवातीला दीड मिनिट आभाराच्या पाट्या आहेत. फिल्म एखाद्या मित्राची असेल आणि आपण त्यात फक्त कपडे पाहिले असतील, तर तसंच लिहावं. मराठी सिनेमाचं जग फार मोठं नाही. त्या फिल्मचा कॅमेरामन फर्स्ट एडीच्या ओळखीचा निघण्याची शक्यता बरीच असते, आणि एका फोनवर खरं-खोटं कळतं.

असल्या अर्जांची गोष्ट निघाली की अकिरा कुरोसावा यांची आठवण काढावीच लागते. १९३५ च्या सुमारास टोकियोतल्या पी.सी.एल. या कंपनीनं सहायक दिग्दर्शक हवेत अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पुढं हीच कंपनी तोहोमध्ये सामील झाली. जपानी सिनेमांतल्या मूलभूत दोषांवर आणि ते दूर करण्याच्या उपायांवर उमेदवारांनी निबंध लिहून पाठवायचा होता. कुरोसावा तेव्हा चित्रकार होते, सिनेमाचा अनुभव शून्य. दोष मूलभूतच असतील तर ते दूर कसे होणार, असा टोमणा मारतच त्यांनी निबंध लिहिला, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्यांची निवड झाली आणि पुढं काजिरो यामामोतो यांच्या हाताखाली ते तयार झाले. त्या कंपनीनं उमेदवाराकडून मागितलं ते त्याच्या डोक्यात काय चालतं याचा नमुना. आजच्या जाहिरातीत निबंध मागत नाहीत, लिंक मागतात. टोमणा मात्र आज चालेल असं वाटत नाही. फोनवर वाचणाऱ्याला तो उद्धटपणा वाटण्याचा धोका जास्त.

एक वाक्य पत्रात कधीही नसावं: 'पैसे नाही मिळाले तरी चालेल.' नवी मुलं ते मोठ्या उमेदीनं लिहितात. काही ठिकाणी त्याचा फायदा घेतला जातो, हा एक भाग झाला. पण सचोटीच्या फर्स्ट एडीलाही ते वाक्य खटकतं. तीस दिवसांच्या शूटमध्ये फुकट राबणारा माणूस बाराव्या दिवशी घरभाडं कसं भरायचं या विवंचनेत असतो, आणि मध्येच निघून गेला तर त्याच्याकडची कंटिन्युइटीची वही नव्या माणसाला समजावत बसावं लागतं. मानधनाची गोष्ट पत्रात काढू नये, फोन आल्यावर काढावी; जाण्यायेण्याचा खर्च, बाहेरगावी राहण्याची सोय आणि रात्री पॅक-अप झाल्यावर घरी सोडायची गाडी, हे तेव्हाच विचारून घ्यावं. मुलींनी तर शेवटची गोष्ट नक्कीच.

पत्र जमलं असेल तर फोन येतो तो फिल्मबद्दल बोलायला नव्हे. 'बस किती वेळा वळवली?', 'ते दोघं आले नाहीत तेव्हा काय केलं?', 'दिवसाला तेवीस शॉट कसे बसले?' असे प्रश्न येतात. इथं पत्रातलं प्रत्येक वाक्य पुन्हा तोंडी सांगता आलं पाहिजे. ४६ शॉट लिहिले आणि त्यातले नऊ नंतर वेगळ्या दिवशी घेतलेले निघाले, तर पत्रातलं बाकीचं खरंही संशयात जातं. म्हणून आकडे लिहिण्याआधी आपलीच जुनी वही काढून पाहिलेली बरी. ती वही फेकून दिली असेल, तर त्यावर फर्स्ट एडीचं मत काय होईल ते सांगायला नको.

पहिलं काम मिळालं की पुढच्या पत्राचं रूप बदलतं. शॉर्ट फिल्मची लिंक खाली सरकते, वर येते ती केलेल्या कामांची यादी: सिनेमाचं नाव, कुठल्या विभागात, किती दिवस, कुणाच्या हाताखाली. इथं एक नवी खबरदारी लागते. मोठ्या निर्मितीत काम करताना बहुधा गोपनीयतेच्या कागदावर सही घेतलेली असते. प्रदर्शित न झालेल्या सिनेमाची कॉल शीट, सेटवरचे फोटो, नटाच्या वेशभूषेची छायाचित्रं पुढच्या अर्जाला जोडता येत नाहीत, मग ती कितीही अभिमानाची असोत. सिनेमाचं नाव जाहीर झालं नसेल तर 'एक मराठी चित्रपट, ३२ दिवस, कंटिन्युइटी' एवढंच लिहायचं आणि फर्स्ट एडीला आधी विचारून त्यांचा नंबर संदर्भ म्हणून द्यायचा.